नव्वद टक्के कार्बन पकडला म्हणता, मग चिमणीतून काय जातंय?

मा. ऊर्जामंत्री साहेब,

सप्रेम नमस्कार. आमच्या हायड्रोजन प्लांटच्या पायाभरणीला तुम्ही माईकवरून शब्द दिला होतात की इथला नव्वद टक्के कार्बन आम्ही पकडणार. परवा उद्घाटन झालं, फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि तुम्ही परत तोच आकडा सांगितलात. मी त्याच प्लांटच्या रिफॉर्मरवर शिफ्ट करतो, त्यामुळे टाळ्या वाजवायला हात उचलला नाही, माफ करा.

तुम्हाला फाईलमध्ये कोणी दाखवलं नसेल म्हणून सांगतो. रिफॉर्मरमध्ये मिथेन आणि वाफ एकत्र करून निकेलचा कॅटलिस्ट भरलेल्या उभ्या ट्यूबमधून सोडतात, बाहेर पडताना तापमान 850 अंशांच्या आसपास. तिथे मिथेन फुटतो:

CH4 + H2O → CO + 3H2

ही रिॲक्शन उष्णता खाते, प्रचंड खाते, म्हणून ट्यूबच्या बाहेर भट्टीत बर्नर सतत पेटते ठेवावे लागतात. हा बर्नरचा भाग लक्षात ठेवा साहेब, सगळी मेख तिथेच आहे.

आता त्या CO चं काय? तो पुढे शिफ्ट रिॲक्टरमध्ये जातो, त्याला परत वाफ भेटते:

CO + H2O → CO2 + H2

ही उलट उष्णता सोडते, आणि जास्त तापलं की मागे फिरते, CO तसाच उरतो. पण थंड ठेवलं तर रिॲक्शन रेंगाळते. म्हणून दोन टप्पे: आधी लोखंड-क्रोमच्या कॅटलिस्टवर 350 अंशांच्या वर झपाट्याने बराचसा CO संपवायचा, मग गॅस थंड करून तांब्याच्या कॅटलिस्टवर 200 च्या थोडं वर उरलेला उरकायचा. तांबं उष्णतेला फार नाजूक, तापलं की त्याचे बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि कॅटलिस्ट कायमचा मंदावतो.

हिशोब करू. एक किलो हायड्रोजनला कागदावर दोन किलो मिथेन आणि साडेचार किलो पाणी लागतं, आणि साडेपाच किलो CO2 निघतो. हा CO2 शिफ्ट रिॲक्टरनंतर दाबाखाली, दाट असतो, त्याला शोषून घेणाऱ्या अमाईनच्या द्रावणाने धुऊन काढायला त्यातल्या त्यात सोपा. तुमचं नवंकोरं यंत्र तिथे बसवलंय, आणि तिथला नव्वद टक्के ते पकडतं, मान्य. पण बर्नरचा CO2 कुठे गेला? तो धरला तर प्रत्यक्षात किलोमागे नऊ-दहा किलो होतो. म्हणजे तुम्ही पकडता पाच, आणि चारेक किलो चिमणीतून वर. तिथे तो पातळ असतो, नायट्रोजनमध्ये मिसळलेला, दाब नाही, पकडायला महाग, म्हणून त्याचं नावच कोणी घेत नाही. नव्वद नाही साहेब, पंचावन्नच्या आसपास. एका खिशातले पैसे मोजून श्रीमंती जाहीर केलीत.

आणि भोगतो कोण? अमाईनमधून CO2 परत सोडवायला वाफ लागते. ती आली आमच्याच बॉयलरमधून. मग वरून निरोप, रिफॉर्मरची वाफ जरा कमी करा. कार्बनच्या एका अणूला वाफेचे साधारण तीन रेणू आम्ही देतो ते काय हौस म्हणून? वाफ कमी पडली की मिथेन ट्यूबमध्येच कोळसा होऊन बसतो, कॅटलिस्टचा भुगा होतो, आणि तिथे रिॲक्शन थांबली की उष्णता खाणारं कोणी उरत नाही, ट्यूबचा तेवढा पट्टा भट्टीत लालभडक चमकायला लागतो. मी पीपहोलमधून तो बघितला, लॉगबुकात लिहिला, फोन केले. त्या उष्णतेत तोंड भाजत उभं राहायचं, पाठ गेली, झोप गेली, घरचे बोलेनासे झाले, आणि शेवटी एक ट्यूब फाटल्यावर मेमो कोणाला? मला! ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे म्हणे. वाफ कमी करायला सांगणारे साहेब परवा तुमच्या शेजारी स्टेजवर बसले होते, गळ्यात हार घालून.

हे फक्त आमच्याच प्लांटचं नाही. आकडा ज्याला चांगला दिसतो तोच मोजतो, तपासणीही तोच करतो, त्यावर अनुदानही तोच घेतो, आणि समितीत कधी रिफॉर्मर न बघितलेले लोक हायड्रोजनला ब्लू, ग्रीन असे रंग वाटत बसतात. शिवाय गॅस विहिरीतून इथपर्यंत येताना जो मिथेन गळतो तो तर तुमच्या हिशोबात कुठेच नाही, रंग कुठलाही द्या.

माझी मागणी छोटी आहे. भट्टीच्या चिमणीवर CO2 मोजणारा मीटर लावा आणि त्याचा आकडा रोज गेटवरच्या बोर्डावर दिसू द्या. तोपर्यंत तो नव्वदचा फलक उतरवा, आणि माझ्या मेमोची चौकशी स्टेजवर न बसलेल्या माणसाकडून करा.

आपला,
रात्रपाळीचा एक ऑपरेटर