लीज की सबस्क्रिप्शन: आधी गाडी परत करायचं कलम वाच

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, सबस्क्रिप्शनवाले महिन्याला लीजपेक्षा केवढे जास्त मागतायत, ही तर लूटच झाली." मी गप्प राहिले, कारण तू पाठवलेले दोन्ही करार तोवर वाचले नव्हते. आज दुपारी वाचले. ऑफिसात पंधरा वर्षं गाड्यांच्या करारांची फाईल माझ्याकडे होती, त्यामुळे सवयीने मी मागच्या पानापासून सुरुवात केली. पहिल्या पानावर महिन्याचा आकडा असतो आणि गाडी परत कशी घेणार ते शेवटच्या पानांवर. तुझी नोकरी सध्या 11 महिन्यांच्या करारावर आहे, म्हणून तुझ्यासाठी शेवटची पानंच महत्त्वाची.

आधी ते दोन आकडे समोरासमोर ठेवता येतात का ते बघ. लीजचा हप्ता म्हणजे फक्त गाडीचं भाडं. कंपनी गाडी विकत घेते, मुदतीच्या शेवटी ती केवढ्याला विकली जाईल याचा आज अंदाज बांधते, मधला फरक म्हणजे घसारा तुझ्याकडून महिन्यामहिन्याने वसूल करते आणि अडकलेल्या पैशांवर व्याज लावते. तुझ्या लीजच्या करारात विमा, सर्व्हिसिंग, टायर, नोंदणीचं नूतनीकरण सगळं तुझ्यावर आहे. काही लीजमध्ये देखभाल धरलेली असते, तुझ्यात नाही. सबस्क्रिप्शनच्या फीमध्ये हे सगळं आहे, शिवाय गाडी बंद पडली तर मदत आणि बदली गाडीही. इंधन, टोल आणि दंड दोन्हीकडे तुझेच.

गणित सोपं व्हावं म्हणून गाडीची किंमत 100 धरते. तीन वर्षांनी ती 55 ला विकली जाईल असं लीजवाल्यांनी मानलंय. म्हणजे 45 चा घसारा 36 महिन्यांवर, महिन्याला 1.25. व्याज धरून हप्ता येतो साधारण 1.65. विमा आणि देखभालीचे मी 0.5 धरले, म्हणजे खरा महिन्याचा खर्च 2.15. सबस्क्रिप्शन 2.7 मागतंय. म्हणजे तू 1.65 आणि 2.7 ची तुलना करत होतीस आणि खरा फरक जेमतेम 0.55 चा आहे. तो फरक कशाचा, तर मध्येच सोडून जाता येण्याचा. पूर्ण 36 महिने गाडी वापरलीस तर लीजला 77 च्या आसपास जातील आणि सबस्क्रिप्शनला 97. तिथे लीज निर्विवाद स्वस्त, त्यात वाद नको.

पण तू 11 महिन्यांनी निघालीस तर?

लीजचा घसारा दर महिन्याला जवळजवळ सारखा वाटलेला असतो, सुरुवातीला तर थोडा कमीच, कारण तेव्हा हप्त्यात व्याजाचा भाग जास्त असतो. गाडीची बाजारातली किंमत मात्र तशी घसरत नाही. नवी गाडी पहिल्या वर्षात धाडकन खाली येते आणि मग हळूहळू उतरते. त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत तू भरलेला घसारा प्रत्यक्षातल्या घसाऱ्याच्या मागे असतो. तुझ्या आकड्यांवर मी हिशेब केला. 11 हप्ते भरल्यावर कंपनीच्या वहीत तुझ्या गाडीवर 87 बाकी दिसतात. वर्षभर चाललेली अशी गाडी बाजारात 78 ला जाईल असं धरू. मधले 9 तू भरायचे. तुझ्या करारात 'मुदतपूर्व समाप्ती' या मथळ्याखाली नेमकं हेच लिहिलंय, फक्त तीन ओळींच्या एका लांबलचक वाक्यात. आणि तुझा करार त्यातल्या त्यात बरा आहे. काही करार उरलेल्या हप्त्यांचा मोठा भाग सरळ मागतात.

म्हणजे 11 महिन्यांचे 23.65 आणि वर हे 9, एकूण 32.65. करार बंद करण्याचं शुल्क त्याशिवाय. सबस्क्रिप्शनचे 11 महिने म्हणजे 29.7. दीड वर्षाने निघालीस तर तो 9 चा खड्डा कमी होऊन 7 वर आलेला असेल, मग लीज 45.7 आणि सबस्क्रिप्शन 48.6. थोडक्यात, पारडं सव्वा वर्षाच्या आसपास फिरतं. बाजारभावाचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. 78 च्या जागी 82 निघाले तर लीज आधीच परवडायला लागेल, म्हणून त्याच मॉडेलच्या वर्षभर जुन्या गाड्या कितीला विकल्या जातायत ते तू स्वतः बघ.

हाच खड्डा अपघातातही समोर येतो. गाडी पूर्ण गेली तर विमा कंपनी सहसा गाडीच्या बाजारभावाच्या हिशेबाने पैसे देते, लीजची बाकी देत नाही. मधला फरक भरून देणारं वेगळं विमा संरक्षण मिळतं. तुझ्या करारात ते नाही, लीजच घेणार असशील तर ते मागून घे.

लीज दुसऱ्याच्या नावावर करून सुटता येतं असं तुझा मित्र म्हणाला, ते खरं आहे, पण अर्धंच. कंपनीची परवानगी लागते, नव्या माणसाची पत तपासली जाते, आणि काही करारांत त्याने हप्ते थकवले तर कंपनी पुन्हा मूळ माणसाकडेच वळते. परवानगीच्या पत्रात "मूळ भाडेकरू जबाबदारीतून मुक्त" असे शब्द आहेत का, एवढं बघायचं.

आता सबस्क्रिप्शन. त्याचा कागद मी जास्त संशयाने वाचला, कारण तो फार गोड लिहिलाय. "30 दिवसांच्या नोटिशीवर कधीही थांबवा" हे ठळक अक्षरांत आहे. खाली बारीक अक्षरांत असं आहे की 2.7 हा दर 12 महिने राहणाऱ्यांसाठी. त्याआधी थांबवलंस तर झालेले सगळे महिने 6 महिन्यांच्या दराने, म्हणजे 2.8 ने, पुन्हा मोजणार आणि फरक घेणार. तुझे 11 महिने मग 29.7 ऐवजी 30.8 चे होतात. बारावा महिना भरून टाकावा असं तुला वाटेल, पण 12 महिन्यांचे 32.4 होतात, त्यापेक्षा फरक भरून निघालेलं बरं. आणि 6 महिन्यांच्या आत सोडलंस तर सहाही महिन्यांची फी द्यावी लागेल. म्हणजे 'कधीही' हा शब्द सातव्या महिन्यापासून खरा होतो.

नोटिशीची तारीखही बघ. 30 दिवस नोटीस दिल्या दिवसापासून मोजत नाहीत, पुढच्या बिलाच्या तारखेपासून मोजतात. बिल 5 तारखेला येत असेल आणि तू 7 ला नोटीस दिलीस, तर जवळजवळ दोन महिन्यांची फी जाईल. नोटीस 3 ला दे, मेलवर दे आणि पोच मागून घे. फोनवर सांगितलेलं धरू नकोस.

"विमा समाविष्ट" याचा अर्थही नीट विचार. क्लेम झाला तर पहिली ठरावीक रक्कम तुझ्या खिशातून जाणार, ती किती हे फीच्या पानावर नाही, परिशिष्टात आहे. बाहेर मिळणाऱ्या साध्या पॉलिसीपेक्षा ती बरीच मोठी वाटली मला. गाडी कोण चालवू शकतो त्यांची नावं आधी द्यावी लागतात. नाव नसलेली मैत्रीण चालवत असताना ठोकर लागली तर विमा हात वर करणार. शिवाय पॉलिसी कंपनीच्या नावावर, त्यामुळे वर्षभर एकही क्लेम केला नाहीस तरी नो क्लेम बोनस तुझ्या नावावर जमत नाही.

किलोमीटरचं बंधन दोन्हीकडे आहे. लीजमध्ये ते तीन वर्षांचं मिळून मोजतात, एखादा महिना जास्त झाला तरी पुढे भरून निघतं. सबस्क्रिप्शनमध्ये दर महिन्याचं वेगळं, आणि न वापरलेले किलोमीटर पुढे जातात की नाही याबद्दल कागद गप्प आहे. लेखी विचार.

गाडी परत करतानाचा एक प्रसंग सांगते, म्हणजे तुला अंदाज येईल. आमच्या ऑफिसची एक लीजची गाडी परत करताना त्यांचा तपासनीस आला होता. बिचारा फार सभ्य माणूस. खिशातून खाचा मोजायची छोटी पट्टी काढून चारही टायरांत ठिकठिकाणी घालून बघितली. एका टायरवर 2 मिलिमीटर आलं. बऱ्याच देशांत कायद्याची किमान मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. पण करारात 3 लिहिलं होतं. मग दारावरच्या पोच्याला त्याने माप म्हणून कार्ड लावलं, पोचा कार्डाबाहेर गेला, लागलं बिल. आम्ही वाद घातला की तो आधीपासूनच होता, पण गाडी घेतानाचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. तो म्हणाला, "मॅडम, माझ्या शीटवर नाही," आणि विषय संपला. सबस्क्रिप्शनची गाडी बहुधा आधी कुणीतरी वापरलेली असते, तिथे तर हे जास्तच लागू. ताब्यात घेताना चारही बाजू, चाकांच्या कडा, आतलं छत आणि किलोमीटरचा आकडा यांचे फोटो काढ आणि त्याच क्षणी त्यांना मेल कर.

एक गोष्ट लोक विसरतात. सोडून जायची सोय दोन्ही बाजूंना असते. तुझ्या सबस्क्रिप्शनच्या करारात कंपनीलाही 30 दिवसांच्या नोटिशीवर गाडी परत मागता येते, आणि फी वाढवताही येते. लीजमध्ये हप्ते नियमित असतील तर मुदतीपर्यंत गाडी तुझ्याकडेच आणि हप्ता तोच. कॅडिलॅकने 2017 मध्ये 'बुक' नावाची अशी योजना मोठ्या थाटात आणली होती, वर्षभरात अनेकदा गाडी बदलायची मुभा देऊन, आणि 2018 संपता संपता थांबवली. ग्राहकांना गाड्या परत कराव्या लागल्या.

तरीही माझं मत विचारशील तर तू सबस्क्रिप्शन घे, 12 महिन्यांच्या दराने. अकराव्या महिन्यात निघालीस तरी लीजपेक्षा कमी जातील आणि उरलेली लीज कुणाच्या गळ्यात मारायची हा घोर नसेल. बाबांना हे पटलेलं नाही, त्यांना महिन्याचा मोठा आकडा बघवत नाही. नोकरी वाढणार का हे तुला नवव्या महिन्यापर्यंत कळेल. दोन-तीन वर्षांसाठी वाढली तर नोटीस देऊन तेव्हा लीजकडे वळ, कारण पुढे 2.7 भरत राहणं हा मात्र निव्वळ आळशीपणा होईल.

सही करायच्या आधी क्लेमची ती रक्कम आणि उरलेल्या किलोमीटरचं उत्तर त्यांच्याकडून मेलवर घे आणि मला पुढे पाठव. परिशिष्टाचं पान 4 तू पाठवलेल्या फाईलमध्ये नाहीये. तेही पाठव.

तुझी,
आई