फोटोवरून खांबाची उंची ठरवताना

महोदय,

आमच्या ले-आउटमधील विजेच्या एका खांबावरून गेल्या महिन्यात बरीच चर्चा झाली. नोंदीप्रमाणे तिथे ९ मीटरचा सिमेंटचा खांब उभा असायला हवा होता. शेजारच्या एका तरुणाने मोबाइलने फोटो काढला, खांबाजवळ उभ्या असलेल्या आपल्या भावाच्या उंचीशी प्रमाण लावले आणि खांब जमिनीवर जेमतेम ५.८ मीटर असल्याचे काढले. "काका, नऊचा सांगून सातचा ठोकला," असे तो मला म्हणाला आणि तक्रारीचा मसुदा त्याने पुढे केला. विजेच्या लाइनच्या कामातच माझी सगळी नोकरी झाली असल्याने मी सही करण्यापूर्वी खांब पुन्हा मोजू या, असे त्याला सुचवले. त्यातून जे हाती आले ते इतर वाचकांच्याही उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हे पत्र.

खांबाची लांबी आणि दिसणारी उंची या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. आपल्या वस्त्यांमध्ये लघुदाबाच्या लाइनसाठी बहुतेक ८ मीटरचे आणि ११ केव्हीच्या लाइनसाठी ९ मीटरचे सिमेंटचे खांब दिसतात. या दोन्ही लांबींचा खांब साधारण दीड मीटर जमिनीत जातो. लांबीचा सहावा भाग गाडायचा हा जुना ठोकताळाही त्याच्याच जवळपास येतो. म्हणजे ८ मीटरचा खांब वर साडेसहा मीटर दिसला पाहिजे आणि ९ मीटरचा साडेसात. दोहोंत पूर्ण १ मीटरचे अंतर असल्यामुळे फोटोवरून सेंटीमीटरपर्यंत अचूक उत्तर मिळण्याची गरज नसते. आपले माप यांपैकी कोणाच्या जवळ पडते एवढे कळले तरी खांबाची जात कळते. मोठ्या रस्त्यांवरचे अष्टकोनी पथदिव्यांचे खांब मात्र तळाच्या प्लेटने पायाच्या बोल्टांवर बसवलेले असतात. त्यांची सगळी लांबी जमिनीवरच असते, त्यामुळे त्यांना हा हिशेब लावू नये.

तरुणाचा हिशेब बरोबर होता, फोटो चुकीचा होता. तो खांबापासून सुमारे ८ मीटरवर उभा होता आणि टोक चौकटीत मावावे म्हणून त्याने मोबाइल वर कलता धरला होता. मोबाइल असा वर कलला की खांबाचा वरचा भाग फोटोत दबतो आणि पायथ्याचा भाग त्यामानाने मोठा येतो. पायथ्याशी उभा असलेला माणूस हेच आपले माप असल्यामुळे मापाची काठी फुगते, मोजायची वस्तू आकसते आणि उत्तर दोन्ही बाजूंनी कमी पडते. ८ मीटरवरून मोबाइल सुमारे २० अंशांनी वर कलवला, तर जमिनीवर ७.३ मीटर असलेला खांब १.७ मीटर उंचीच्या माणसाच्या मापाने ५.८ मीटरच निघतो, हे मी कागदावर मांडून त्याला दाखवले. त्याला मिळालेला आकडा नेमका हाच होता.

मोबाइल जमिनीला काटकोनात, अगदी सरळ धरला तर ही चूक राहत नाही, आणि तेव्हा जवळून काढलेल्या फोटोतही प्रमाण बरोबर येते. मात्र टोक चौकटीत मावण्यासाठी मागे सरकावे लागते. म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी टेपने खांबावर पायथ्यापासून बरोबर २ मीटरवर खडूची जाड रेघ ओढली. जमिनीवर उभे राहून जेवढा हात पुरतो तेवढेच हे काम असावे. लाइनच्या खांबाला शिडी किंवा लोखंडी पट्टी कोणीही टेकवू नये. मग २० मीटर मागे जाऊन, कडेच्या वस्तू ताणणारी वाइड लेन्स टाळून नेहमीच्या लेन्सने फोटो काढला. संगणकावर पायथ्यापासून रेघेपर्यंत ४१० पिक्सेल भरले आणि टोकापर्यंत १,४९६. १,४९६ ला ४१० ने भागून २ ने गुणले की ७.३ मीटर येतात. रेघ मोजताना ४ पिक्सेलची चूक झाली तरी उत्तर सुमारे ७ सेंटीमीटरनेच हलते.

मापाची वस्तू खांबाला लागूनच असली पाहिजे, हे वेगळे सांगावे लागते, कारण बहुतेकांची चूक तिथे होते. पुढे उभी असलेली मोटारसायकल किंवा मागच्या कंपाउंडची भिंत माप म्हणून चालत नाही. खांब स्वतःच कललेला असेल तरीही फसगत होते. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यानंतर खांब कललेले दिसतात, आणि कल आपल्याकडे असेल तर समोरच्या फोटोत तो कळत नाही. म्हणून काटकोनात जाऊन दुसरा फोटो घ्यावा. जुन्या लोखंडी नळीच्या खांबावर आणखी एक पडताळा मिळतो. तो खालून वर बारीक होत गेलेल्या तीन भागांचा असतो आणि वरचे दोन भाग सारख्या लांबीचे असतात. फोटोत सर्वांत वरचा भाग मधल्यापेक्षा आखूड दिसला, तर मोबाइल वर कलला होता असे समजावे.

आमचे माप ७.३ मीटर आले आणि अपेक्षा ७.५ ची होती. उरलेल्या २० सेंटीमीटरचे उत्तर खांबाशेजारच्या घराच्या फाटकाने दिले. जुन्या रस्त्याच्या पातळीवरची त्या फाटकाची पायरी आज रस्त्यापेक्षा सुमारे २० सेंटीमीटर खाली गेली आहे. सिमेंटचा रस्ता झाला, कडेला गट्टू बसले आणि त्या भरावात खांबाचा तेवढा भाग बुडाला. म्हणजे खांब ९ मीटरचाच होता. नऊऐवजी सातचा खांब ठोकल्याचे वाक्य तरुणाने तक्रारीतून स्वतःच वगळले.

पण प्रश्न तिथे संपला नाही, कारण रस्ता वर आला की खांबाबरोबर तारेखालचे अंतरही तेवढेच घटते. रस्ता ओलांडणाऱ्या लघुदाबाच्या तारेचा सर्वांत खाली झुकलेला भाग रस्त्यापासून किमान ५.८ मीटर वर असावा असा नियम आहे. ही गोष्ट आमच्या फोटोवरून मोजता येत नाही, कारण मधली तार खांबाच्या प्रतलात नसते. ते माप वीज कर्मचाऱ्यांनीच घ्यायला हवे, आणि आमच्या सुधारलेल्या अर्जात आता तेवढीच मागणी आहे. शिवाय जिथे नवीन सिमेंट रस्ता होणार असेल तिथे काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक खांबावर त्या दिवशीच्या जमिनीपासून २ मीटरवर रंगाची पट्टी मारून घ्यावी, अशी माझी संबंधित यंत्रणांना विनंती आहे. रस्ता पूर्ण झाल्यावर ती पट्टी जमिनीपासून किती उरली हे कोणीही टेपने मोजू शकेल आणि भराव किती झाला हे त्यातून कळेल.

आपला,
एक निवृत्त वीज कर्मचारी, नागपूर