परवानगी फोटोची की कपड्यांचीही?

फोटोतले कपडे मोबाइलवर बदलण्याची कृती सांगणारा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यात फोटोतल्या माणसाला विचारायचे राहून गेले आहे. मालवणच्या बाजारात मासे विकणाऱ्या माझ्या मामीचा फोटो एका पर्यटकाने तिला विचारूनच काढला. पुढे तो एका निवासाच्या जाहिरातीत आला, साध्या लुगड्याऐवजी भरजरी पैठणीत! पैठणीचा काठ पाटीवरच्या बोटांत विरघळला होता, कंबरही बारीक झाली होती. "असला नेसान कोण म्हावरा विकता?" मामी म्हणाली. फोटो काढू देणे म्हणजे पोशाख बदलू देणे नव्हे. ती परवानगी बदललेला फोटो दाखवून वेगळीच घ्यावी. स्टुडिओला सांगतानाही 'छान करा' असे मोघम नको. 'फक्त कोट चढवा. चेहरा, रंग, बांधा तसाच ठेवा' असे सांगावे. फोटोखाली 'पोशाख संपादित, व्यक्तीच्या संमतीने' असे छापावे. कपडे उतरवणारा बदल मात्र विनोद म्हणूनही करू नये. अशा बनावट प्रतिमा हटवण्यासाठी 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार पीडित व्यक्तीच्या वतीने दुसऱ्यालाही समाजमाध्यमाकडे तक्रार करता येते. लेखात एवढे तरी हवे होते.

– एक वाचक, कणकवली