आयुक्त साहेब, ई-कचऱ्याला कॉम्पॅक्टर पाठवतात का? (खुलं पत्र)

मा. आयुक्त साहेब, स.न.वि.वि.

दिवाळीनंतरच्या आमच्या ई-कचरा मोहिमेला स्वतंत्र गाडी पाठवू असं वॉर्ड ऑफिसने लेखी कळवलं होतं, त्याबद्दल आभार. गाडी आलीसुद्धा, फक्त ती रोजचीच कचरा दाबणारी होती. आम्ही पार्किंगमध्ये मॉनिटर, वायरी, मोबाईल सगळं वेगवेगळं लावून ठेवलेलं आणि तुमच्या माणसांनी पहिलाच डबा टीव्ही उचलून गाडीच्या मागच्या तोंडात टाकला. फाट्कन आवाज, काचा थेट जिन्यापर्यंत. त्या पोराच्या हातात साधे हातमोजे नव्हते हो, त्याला काय बोलणार, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. उरलेला माल आम्ही अडवला, तो तेव्हापासून मीटर रूमबाहेर पडलाय, फायर सेफ्टीची नोटीस संघाला आणि शिव्या मला, कारण सेक्रेटरी मी. बायको विचारते तुला पगार किती मिळतो याचा.

तर मोहीम आम्ही पुन्हा घेतोय. 24 आणि 25 जानेवारी 2026, शनिवार-रविवार, सकाळी 10 ते 1. मोबाईल, चार्जर, वायरी, लॅपटॉप, राउटर, सेट टॉप बॉक्स, रिमोट, मिक्सर, इस्त्री, प्रिंटर आणि टीव्ही घेऊ. लोकांना सांगतोय, फ्रीज-एसी असेल तर आधी सांगा, उतरवायला माणसं लागतात आणि कॉम्प्रेसरमधला गॅस वाटेत सुटता कामा नये. फोनमधलं सिम, मेमरी कार्ड काढा आणि रिसेट मारूनच आणा. फुगलेली बॅटरी खोक्यात टाकू नका, टोकांना चिकटपट्टी लावून वेगळी हातात द्या, दाबली गेली की पेट घेते. इन्व्हर्टरची बॅटरी आणू नका, ती दुकानदार परत घेतो, वर पैसे देतो.

हे तुम्हाला का सांगतोय, तर हे सांगायचं काम तुमचं होतं. ई-कचरा नियम 2022 मध्ये स्पष्ट आहे की साध्या कचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा काढून नोंदणीकृत रिसायकलरकडे पोचवणं हे स्थानिक स्वराज्य संस्थेचं काम. नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू. आपण अजून घंटागाडीवर गाणंच वाजवतोय.

आता त्या डबा टीव्हीचंच घ्या, कारण खरी गोम तिथेच आहे. पिक्चर ट्यूबच्या मागच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत शिसं असतं, चिमूटभर नाही, किलोच्या हिशोबात. भंगारवाला टीव्ही घेतो ते मागच्या तांब्याच्या कॉइलसाठी आणि बोर्डासाठी. ट्यूबची मान मोडतो, तांबं काढतो, काच नाल्यात. तुम्हाला पटत नसेल तर आमच्या मागच्या नाल्याला या, मी दाखवतो, चहा माझ्याकडून. नोंदणीकृत रिसायकलरकडे गेलो तर तो म्हणाला, लॅपटॉप-मोबाईल द्या, टीव्हीचं बघू. का? कारण कंपन्यांना रिसायकलिंगचं टार्गेट भरायला जी सर्टिफिकेट विकत घ्यावी लागतात ती सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चारच धातूंवर निघतात. शिसं त्यात नाही. म्हणजे सगळ्यात घाण वस्तूला सगळ्यात कमी गिऱ्हाईक! 2016 च्या नियमांत निदान कंपन्यांना कलेक्शन सेंटरसारखी काहीतरी सोय ठेवावी लागायची (चालायची किती ते सोडा), नव्यात ती सक्तीही गेली. आता 2025-26 ला टार्गेट 70 टक्के आहे, सरकारी पोर्टलवर सगळं हिरवंगार दिसत असणार, आणि माझ्या मीटर रूमबाहेर टीव्हीचा ढीग. 70 टक्के कोणाचे मोजले साहेब? कागदावरचा कचरा उचलायला टेम्पो लागत नाही ना.

ई-कचऱ्यात आपला देश जगात तिसरा म्हणे. त्यात कौतुकाचं काय, पहिला नंबर आला तर दिल्लीत सत्कार ठेवतील.

मागणं फार नाही. एक उघडा टेम्पो द्या, दाबणारी गाडी नको. माल कोणत्या रिसायकलरकडे गेला आणि वजन किती, याची पावती संघाला द्या, नाहीतर तो परत त्याच भंगारवाल्याकडे जातो हे शेंबडं पोरही सांगेल. आणि टीव्ही-मॉनिटरसाठी वॉर्ड ऑफिसात एक कुलपाची खोली, कारण मोहीम दोन दिवसांची आणि लोकांचे टीव्ही वर्षभर बिघडतात. खोली नाही म्हणू नका, निवडणुकीचे जुने फ्लेक्स ज्या खोलीत ठेवलेत ती मी पाहिलीय.

22 तारखेपर्यंत कळवा. नाही कळवलं तर टेम्पो आम्हीच करतो, वर्गणी काढतो, आणि बिलाची झेरॉक्स मालमत्ता कराच्या पावतीला जोडून आपल्या आवक-जावकला देतो, शिक्का मारून घेतल्याशिवाय हलणार नाही.

आपला,
सेक्रेटरी, रहिवासी संघ
(कर वेळेवर भरणारा)