चोवीस आणि बारा

प्रिय अनू,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला धंद्याचा आराखडा मी तीनदा वाचला. खोक्यांच्या युनिटची कल्पना मला आवडली, आणि ज्या दोन ग्राहकांशी तू स्वतः जाऊन बोललीस ते पान तर फारच आवडलं. फोनवर मात्र मी गप्प राहिले आणि तुला वाटलं आईला पटलेलं नाही. तसं नाही. धंद्याच्या पानांवर मला फारसं काही विचारायचं नव्हतं. अडले ते शेवटच्या पानावर, जिथे तू लिहिलं आहेस, "उरलेल्या बचतीत घराचा वर्षभराचा खर्च निघेल, त्यामुळे काळजी नाही." छोट्या उद्योगांचे कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली. हे वाक्य मी त्या अर्जांत इतक्या वेळा वाचलं आहे की त्यावर सविस्तर लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी एक कर. सगळे आकडे पैशांत मांडण्याऐवजी घरखर्चाच्या महिन्यांत मांड. पैशांतला मोठा आकडा डोळ्यांत भरतो, पण तो किती दिवस पुरेल हे सांगत नाही. तुमच्या घराचा एका महिन्याचा पूर्ण खर्च, घरकर्जाचा हप्ता आणि विम्याचे हप्ते धरून, म्हणजे एक 'महिना'. या मापाने तुमची एकूण बचत 36 महिने होते. तुझ्या आराखड्याप्रमाणे युनिटला लागतात 24 आणि हातात राहतात 12. तुझं शेवटचं वाक्य इथूनच आलं.

आता तेच 36 मी दुसऱ्या टोकाकडून मोजते. धंद्याला किती हवेत हे सध्या बाजूला ठेव. घराला किती हवेत ते आधी काढू आणि उरेल ते धंद्याचं धरू.

तू नोकरी सोडलीस की नीरजरावांच्या पगारात घरखर्चाचे दहापैकी सहा भाग निघतील. चार भाग दर महिन्याला बचतीतून काढावे लागतील. युनिटमधून घरी पैसे यायला बारा महिने लागतील असं तू धरलं आहेस. मी चोवीस धरते. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, तर मी पाहिलेल्या अर्जांत हा अंदाज जवळजवळ नेहमी कमीच निघाला म्हणून. चोवीस महिने, दरमहा चार दशांश, म्हणजे साडेनऊच्या वर. दहा धर. नीरजरावांची नोकरी अचानक गेली किंवा घरात कोणी अंथरुणाला खिळलं तर सहा महिन्यांचा पूर्ण खर्च वेगळा हवा, कारण त्या दिवसांत तुझा पगारही नसेल. हे झाले सोळा. राहिल्या दोन गोष्टी, ज्यांची तारीख तुला आजच ठाऊक आहे: सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि चार वर्षांनी येणारा ईशानच्या शिक्षणाचा मोठा खर्च. तूच मागे सांगितलेल्या आकड्यांवरून त्यांचे आठ होतात.

सोळा आणि आठ, चोवीस. छत्तीसमधून ते गेले की उरतात बारा.

पाहिलंस? तुझ्या कागदावर चोवीस धंद्याचे आणि बारा घराचे आहेत. माझ्या कागदावर चोवीस घराचे आणि बारा धंद्याचे. घर तेच, बचत तीच. तू वर्षभराचा खर्च बाजूला ठेवलास खरा, पण त्याच बारा महिन्यांवर तीन वेगवेगळ्या गरजा बसवल्यास. पगाराची तूट, अचानक आलेलं संकट आणि ठरलेले खर्च या तिघांना एकच पैसा पुरत नाही, आणि वाईट वर्षी तिघंही एकदम दारात उभे राहतात.

सरस सरस्वती नावाच्या अभ्यासक आहेत. त्यांनी सत्तावीस अनुभवी उद्योजकांची विचार करण्याची पद्धत तपासली आणि 2001 साली त्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. किती मिळेल यापेक्षा किती गेलेलं आपल्याला परवडेल, यापासून हे लोक सुरुवात करतात, असं त्यांनी दाखवलं. हे वाचलं तेव्हा आपण वर्षानुवर्षं अर्जदारांना जे विचारत आलो त्याला कोणीतरी नाव दिलं, असं मला वाटलं. तुझं परवडणारं नुकसान बारा महिन्यांचं आहे.

यात एक बारकावा आहे आणि तो तुझ्या बाजूचा आहे. युनिटमध्ये घातलेले सगळेच पैसे एकसारखे बुडत नाहीत. जागेची अनामत बहुतेक परत मिळते. यंत्र विकलं तर काही भाग सुटतो, पण विकायची घाई असेल तर फारच कमी. जागेतली दुरुस्ती, वीजजोडणी, नमुने, पहिल्या वर्षाचे पगार मात्र गेले ते गेले. म्हणून चोवीसच्या प्रत्येक ओळीसमोर 'उद्या बंद केलं तर किती हाती येईल' असा एक रकाना कर. यंत्राचा आकडा जुनी यंत्रं घेणाऱ्या दोघांना विचारून घाल, मनाने घालू नकोस.

इथपर्यंतचं सारं ताकदीबद्दल झालं. मनाची तयारी ही निराळी गोष्ट आहे. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि तूही केलीस. 'मला धोका पत्करायला भीती वाटत नाही,' असं तू म्हणालीस. ते खरंच आहे, लहानपणापासून तू अशीच आहेस. पण भीती न वाटल्यामुळे बाराचे चोवीस होत नाहीत. उलटंही घडतं. ताकद असते, पण पैसे घटताना पाहून माणसाची झोप उडते आणि तो चुकीच्या वेळी चुकीचं काहीतरी करून बसतो. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या 1992 च्या अभ्यासात नुकसानाचं वजन तेवढ्याच फायद्याच्या साधारण सव्वादोन पट निघालं. हे सरासरीचं झालं. तुमच्या घरात तुझं आणि नीरजरावांचं माप सारखं असेलच असं नाही.

म्हणून दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता, एकच आकडा लिहा: किती महिने बुडाले तरी आपण एकमेकांना दोष देणार नाही? मग तुझा आकडा, त्यांचा आकडा आणि वरचे बारा, या तिन्हींत जो सर्वांत लहान तो खरा. त्यांनी आठ लिहिला तर आठ. कृपा करून त्यांना आठावरून बारावर आणायला जाऊ नकोस. तुझ्या आग्रहाने वाढलेला आकडा पहिल्या वाईट तिमाहीत परत आठावर येतो, आणि तोवर पैसे गेलेले असतात.

आता तुला कधी नीट न सांगितलेलं सांगते. तू पाच वर्षांची होतीस तेव्हा बाबांनी आणि मी जवळजवळ सगळी बचत एका धंद्यात घातली होती. माल चांगला होता, मागणीही होती. ग्राहक साठ दिवसांची उधारी मागायचे आणि नव्वद दिवसांनी द्यायचे. ऑर्डर वाढली की कच्चा माल जास्त घ्यावा लागे आणि त्याचे पैसे मात्र आधी मोजावे लागत. वहीत नफा दिसायचा आणि महिनाअखेर पगाराला पैसे नसायचे. पहिल्या रकमेने आम्ही बुडालो नसतो. आम्हाला बुडवलं ते 'अजून थोडे घातले की सुटेल' या वाक्याने. तीनदा घातले. तिसऱ्यांदा तुझ्या नावाने ठेवलेले मोडले, आणि त्याच सुमारास खेळत्या भांडवलाच्या कर्जाला मी वैयक्तिक जामीन म्हणून सही केली. धंदा बंद झाल्यावर ते फेडायला सहा वर्षं लागली. तू शाळेच्या सहलीला गेली नाहीस, त्याचं कारण तुझा ताप नव्हता.

तुझ्या आराखड्यात उधारीची ओळच नाही. विक्री झाली त्याच महिन्यात पैसे आले असं तू धरलं आहेस. तीन महिन्यांच्या विक्रीचे पैसे बाहेर अडकतील असं धरून पुन्हा मांड, म्हणजे चोवीसही अपुरे आहेत हे तुझं तुलाच दिसेल. आणि कंपनी नोंदवली की घर सुरक्षित, असं तू लिहिलंस. वैयक्तिक जामिनाच्या कागदावर सही होईपर्यंतच ते खरं असतं. नव्या छोट्या कंपनीला कर्ज देणारे बहुतेक वेळा तीच सही मागतात, आणि त्या सहीनंतर तुझं बारा महिन्यांचं कुंपण उरत नाही.

मग बारात काय करता येईल? खोकी दुसऱ्याच्या यंत्रावर करून घे. डिझाइन तुझं, ग्राहक तुझे, छपाई आणि कटिंग मजुरीवर. नफा फार राहणार नाही, पण याला चार महिन्यांइतके पैसे पुरतील असा माझा अंदाज आहे. नोकरीही काही काळ अर्धवेळ ठेवता येईल का ते विचार. वर्षभरात मला एकच गोष्ट पाहायची आहे: ते दोन ग्राहक तू न विचारता दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा ऑर्डर देतात का, आणि पैसे कितव्या दिवशी देतात. पहिली ऑर्डर ओळखीवरही मिळते. हे जमलं तर उरलेल्या आठांतून जुनं यंत्र घे. नाही जमलं तर चार गेले, धंद्याच्या बारातले आठ शिल्लक आहेत, आणि तुझ्याकडे अजून एखादी कल्पना करून पाहायची ताकद आहे. एकाच कल्पनेत चोवीस घालण्यातलं माझं मुख्य दुखणं हेच आहे. पहिली फसली तर दुसरी करायला तुझ्याकडे काही उरत नाही.

थांबायचं कधी, हेही आजच लिहून ठेव, दोघांच्या सहीने. पैसे गुंतल्यावर तो निर्णय शांतपणे घेता येत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

राजीनामा देण्याआधी पुढचे तीन महिने तुझ्या पगाराला हात न लावता राहून बघा. पगार आला की लगेच दुसऱ्या खात्यात टाक आणि तूट किती पडते ते रोज लिही. मी दहाला चार भाग धरले आहेत. पाच निघाले तर चोवीस महिन्यांचे बारा होतात, आणि धंद्याला बाराऐवजी दहाच राहतात. मग माझाही कागद बदलेल.

तीन महिन्यांची वही पाठव. नीरजरावांचा आकडा त्यांच्या हाताने लिहिलेला वेगळ्या पाकिटात पाठव. उधारीची ओळ घालून आराखडा पुन्हा केलास की मी दोन दिवस येऊन राहीन, आपण दोघी मिळून तपासू. बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही, ते तूच सांग.

तुझी,
आई