आकृतीतला राहिलेला बाण

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुम्ही सांडपाणी शुद्धीकरणाची आकृती छापलीत, छान होती, पण त्यात एक बाण राहिलाय आणि नेमका त्याच बाणावर अख्खा प्लांट चालतो. मी बारा वर्षं एसटीपीवर शिफ्ट करतोय, म्हणून राहवलं नाही.

सुरुवातीची जाळी बरोबर दाखवलीय. तिथं अडकतं ते आकाराने मोठं, म्हणजे पिशव्या, चिंध्या, सॅनिटरी पॅड (हे लोक टॉयलेटमधे का टाकतात देव जाणे). पुढे ग्रिट चेंबरमधे वाळू बसते, नाहीतर पंपाचे इंपेलर घासून जातात. मग सेटलिंग टँक, तिथं पाणी दोनेक तास जवळजवळ उभंच असतं आणि जड गाळ आपोआप तळाला जातो. लोकांना वाटतं झालं पाणी साफ! पण येणाऱ्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण खायला जंतूंना 5 दिवसांत लागणारा ऑक्सिजन, लिटरला 250 मिलिग्रॅम धरला तर इथून बाहेर पडताना अजून 170 च्या आसपास असतो, कारण उरलेली बरीचशी घाण विरघळलेली किंवा अगदी बारीक असते. चहात साखर विरघळली की कितीही वेळ कप ठेवा, गोडच लागणार ना.

ती घाण एरेशन टँकमधे जाते. ब्लोअरची हवा घाण उडवून नेत नाही, ती जंतूंना श्वास घ्यायला असते. जंतू विरघळलेलं खातात, वाढतात, एकमेकांना चिकटून त्यांचे चॉकलेटी पुंजके होतात आणि हे पुंजके मात्र पुढच्या टाकीत, म्हणजे दुसऱ्या सेटलिंग टँकमधे, तळाला बसतात. म्हणजे जे बसत नव्हतं त्याचं बसणारं केलं, एवढंच. (मीठ जंतू खात नाहीत, ते तसंच बाहेर जातं.) आता हा बसलेला गाळ बराचसा परत एरेशनमधे पाठवावा लागतो, नाहीतर दोन-चार दिवसांत टाकीत घाण खायला जंतूच उरत नाहीत. जास्तीचा तेवढा काढून टाकायचा.

एका सोसायटीत लाइट बिल वाचवायला रात्री ब्लोअर आणि परतीचा पंप दोन्ही बंद ठेवायला लागले. आठवड्यात वास सुटला, टाकी काळी पडली. मी एक लिटरच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी अर्धा तास ठेवलं, चांगल्या टाकीत 300 मिलीपर्यंत गाळ बसतो आणि वर नितळ पाणी दिसतं, इथं वर सगळं गढूळ आणि तळाचे गोळे बुडबुड्यांसकट वर येत होते. शेवटी दुसऱ्या प्लांटवरून टँकरने जिवंत गाळ आणून ओतला, ब्लोअर 24 तास चालू केला, तरी रुळावर यायला दोन आठवडे गेले. टँकरचं भाडं धरून बिल किती वाचलं ते कमिटीला विचारा.

तर पुढच्या वेळी आकृती छापाल तेव्हा दुसऱ्या सेटलिंग टँकच्या तळापासून एरेशन टँकच्या तोंडाशी एक बाण काढा, आणि तो उलट्या दिशेने हवा.

आपला,
एक वाचक, पुणे