परवान्यावरची सही आणि विश्वस्ताचे कर्तव्य : जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

माननीय जलसंपदा मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेली बरीच वर्षे मी पाणीवाटपाच्या वादांत वकिली करतो आहे. त्या निमित्ताने मंजुरीच्या असंख्य नस्त्या वाचायला मिळाल्या. एखाद्या प्रकल्पाला पाणी द्यायचे ठरले की नस्तीत मागणीचा आकडा येतो, उपलब्धतेचा दाखला येतो, दर येतो, अटी येतात आणि शेवटी सही होते. हे पाणी उचलल्यावर नदीत किंवा तलावात काय उरेल आणि त्या उरलेल्यावर कोण जगते, याबद्दल मात्र अनेकदा एक ओळही सापडत नाही. तुम्हाला हे पत्र लिहितो आहे ते त्या न लिहिलेल्या ओळीसाठी.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर १९९६ रोजी एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात सांगितले की नद्या, किनारे, वने आणि हवा यांचे शासन हे मालक नाही, विश्वस्त आहे. प्रकरण हिमाचलमधल्या बियास नदीकाठचे होते. एका हॉटेल कंपनीला नदीलगतची २७ बिघे १२ बिस्वे वनजमीन भाडेपट्ट्याने मिळाली होती. १९९५ च्या पुरानंतर कंपनीने आपली मालमत्ता वाचवायला बुलडोझर लावून नदीचा प्रवाहच वळवण्याचे काम केले. न्यायालयाने भाडेपट्टा रद्द केला आणि जागा पूर्ववत करायला लावली. सार्वजनिक विश्वस्त सिद्धांत हा भारतीय कायद्याचा भाग असल्याचे त्या दिवशी स्पष्ट शब्दांत नोंदले गेले, आणि पुढच्या अनेक निकालांनी तेच दृढ केले. त्यामुळे हा सिद्धांत तुम्हाला लागू होतो का, हा वाद उरलेला नाही. तुमच्या खात्यात तो रोज कसा पाळायचा, एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर मला त्याच निकालात आधार म्हणून घेतलेल्या एका परदेशी खटल्यात सापडते. म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

कॅलिफोर्नियाच्या पूर्व भागात, सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी मोनो नावाचे खारे सरोवर आहे. त्यातून पाणी बाहेर पडायला वाट नाही. डोंगरातले ओढे पाणी आणतात, ऊन ते उडवून नेते, क्षार मागे राहतात. त्या पाण्यात मासे जगत नाहीत, पण बारीक कोळंबी आणि क्षारपाण्यातल्या माश्या अमाप होतात आणि त्यांच्यावर लाखो पक्षी पोसले जातात. सरोवरातल्या नेगिट नावाच्या बेटावर कुरव पक्षी घरटी करत. चहूबाजूंनी पाणी असल्याने तिथे पिल्लांना कोल्ह्या-लांडग्यांची भीती नव्हती.

१९४० मध्ये लॉस एंजेलिस शहराच्या पाणी विभागाने सरोवराला मिळणाऱ्या पाच ओढ्यांपैकी चार ओढ्यांचे जवळपास सगळे पाणी मागितले. यामुळे मोनो खोऱ्याच्या सौंदर्याची हानी होईल हे परवाना देणाऱ्या सरकारी कार्यालयाला दिसत होते. त्यांनी तसे लिहिलेही, आणि पुढे लिहिले की हे खेदजनक आहे, पण कायद्याने घरगुती वापर हा पाण्याचा सर्वोच्च उपयोग असल्याने ते रोखण्यासाठी आपल्याला काही करता येत नाही. परवाना दिला गेला. मंत्रिमहोदय, ही ओळ मी अनेकदा वाचली आहे. लिहिणारा अधिकारी अप्रामाणिक नव्हता, त्याने नुकसान लपवले नाही. आपण फक्त अर्ज निकाली काढणारे आहोत, एवढीच त्याची स्वतःबद्दलची समजूत होती.

१९४१ मध्ये पाणी वळवायला सुरुवात झाली तेव्हा सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून ६,४१७ फूट होती. १९७० मध्ये दुसरी जलवाहिनी पूर्ण झाली आणि उपसा वाढला. १९८२ पर्यंत पातळी ४५ फुटांनी खाली गेली, पाण्याचे आकारमान निम्म्यावर आले आणि खारटपणा दुप्पट झाला. उघड्या पडलेल्या काठावरून वाऱ्याबरोबर क्षारांची धूळ उडू लागली, म्हणजे पाण्याचा प्रश्न श्वासाचाही झाला. १९७९ मध्ये नेगिट बेट जमिनीला जोडले गेले, कोल्हे चालत आत गेले आणि कुरवांनी ते बेट सोडले. त्याच वर्षी दावा दाखल झाला.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल दिला. त्याचा अर्थ नेमका समजून घेतला पाहिजे, कारण दोन्ही बाजूंचे लोक तो वाढवून सांगतात. शहराला पाणी देऊ नका, असे न्यायालय म्हणाले नाही. लोकांना पाणी लागतेच आणि कधीकधी सरोवराचे नुकसान पत्करूनही ते द्यावे लागेल, हे त्यांनी मान्य केले. त्यांची हरकत अशी होती की या उपशाचा सरोवरावर काय परिणाम होईल, याचा निर्णय कोणत्याही जबाबदार यंत्रणेने कधीच घेतला नव्हता. चाळीस वर्षे पाणी जात राहिले आणि तोललेले कोणीच नव्हते. म्हणून न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. पाण्याचे नियोजन आणि वाटप करताना सार्वजनिक हिताचा विचार करणे आणि शक्य तिथे ते राखणे हे शासनाचे सक्रिय कर्तव्य आहे. आणि परवाना दिल्यावर ते कर्तव्य संपत नाही, देखरेख चालूच राहते. परवानाधारकाला विश्वस्त संपत्तीची हानी करण्याचा कायमचा हक्क मिळत नाही. आज जे बरोबर वाटले ते उद्या नव्या माहितीपुढे पुन्हा तपासता येते.

मला या दोहोंत दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. आपल्याकडे मंजुरी मिळाली की ती मिळालेल्याची मालमत्ता समजली जाते. तीस वर्षांपूर्वीचा करार पुढे आला की अधिकारी म्हणतात, आता हात बांधलेले आहेत. या सिद्धांताप्रमाणे विश्वस्ताचे हात असे बांधले जाऊच शकत नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९२ मध्येच हे सांगितले होते. इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने शिकागोजवळच्या मिशिगन सरोवराचा तळ, सुमारे हजार एकर, १८६९ मध्ये एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला आणि चार वर्षांनी तो कायदा मागे घेतला. कंपनी म्हणाली, दिलेले परत घेता येणार नाही. न्यायालयाने राज्याची बाजू घेतली.

निकाल लागला म्हणून मोनोत एक थेंबही परतला नाही, हेही सांगायला हवे. न्यायालयाने तत्त्व सांगितले, हिशेब करायचा राहिला होता. तो राज्याच्या जल मंडळाने २८ सप्टेंबर १९९४ च्या आदेशात केला. सरोवराची सरासरी पातळी ६,३९२ फुटांपर्यंत यावी असे ठरले आणि शहराचा परवाना पातळीला बांधला गेला. पातळी ६,३७७ फुटांखाली असेल तर शहराला पाणी शून्य. ६,३७७ ते ६,३८० दरम्यान वर्षाला ४,५०० एकर-फूट; एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर एक फूट उंच उभे राहील इतके पाणी. त्यावर ६,३९१ फुटांपर्यंत १६,००० एकर-फूट. ओढ्यांत किमान किती पाणी वाहते ठेवायचे तेही ठरले. ठरल्या मुदतीत पातळी गाठली नाही तर मंडळाने पुन्हा सुनावणी घ्यायची, ही तरतूद आदेशातच होती. शहराने ती तूट पाणीबचत आणि पुनर्वापरातून भरून काढायचा प्रयत्न केला. शहर तहानेने मेले नाही.

तरीही तीस वर्षांनंतर सरोवराने ठरलेली पातळी गाठलेली नाही. उशिरा केलेल्या दुरुस्तीची ही किंमत आहे. आपल्याकडे ती याहून कठोर असते. तिरुपतीजवळचे अविलाला आणि पेरूरू हे दोन तलाव घरबांधणीसाठी दिले गेले होते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणातही शासन विश्वस्त असल्याचे ठासून सांगितले, पण तोवर घरे उभी राहून गेली होती. न्यायालयाला पुढचे बांधकाम थांबवणे, छतावरचे पाणी साठवायला लावणे अशा उपायांपलीकडे फारसे काही हाती राहिले नाही. विश्वस्ताने आधी विचार केला नाही तर न्यायालय नंतर काय परत मिळवून देणार?

आता माझी मागणी. ती मोठी नाही आणि तिच्यासाठी नवा कायदा लागत नाही.

प्रत्येक नव्या पाणी मंजुरीच्या नस्तीत एक स्वतंत्र टिपणी असावी. हे पाणी उचलल्यावर कोरड्या महिन्यांत प्रवाहात किती उरेल, त्यावर आज कोण अवलंबून आहे, आणि हे नुकसान टाळण्याचा कोणता पर्याय तपासला व का नाकारला, हे तिच्यात सहीनिशी लिहिलेले असावे. नुकसान पत्करायचे असेल तर तसे स्पष्ट लिहावे. लिहिलेला निर्णय तपासता येतो, न लिहिलेला येत नाही. काही अधिकारी म्हणतील की असे दाखले आधीच असतात. ते मी पाहिले आहेत. सरासरी वर्षाची उपलब्धता देणारा दाखला आटलेल्या उन्हाळ्याबद्दल काहीच सांगत नाही, आणि नदीचे नुकसान नेमके तेव्हा होते.

दुसरी मागणी परवान्याच्या भाषेबद्दल आहे. अमुक इतके पाणी, अमुक इतकी वर्षे, असा एकच आकडा देण्याऐवजी उपसा नदीच्या किंवा तलावाच्या मोजलेल्या पातळीला टप्प्याटप्प्याने बांधावा, जसा मोनोत बांधला. त्यासाठी पातळी मोजणारे केंद्र परवान्याआधी बसवावे लागेल आणि त्याच्या नोंदी सर्वांना पाहता याव्या लागतील. पुनर्तपासणीची तारीख परवान्यातच छापलेली असावी, म्हणजे ती कोणाच्या मर्जीवर राहणार नाही.

जुन्या मंजुऱ्या एकदम उघडणे शक्य नाही, हे मला कळते. कामगारांची पोटे आणि गावांचे नळ त्यांवर चालतात. म्हणून सुरुवात एकाच मंजुरीपासून करा. आपल्या खात्याची चालू असलेली सर्वांत जुनी बिगर-घरगुती मंजुरी काढा आणि ती देताना प्रवाहाचा विचार झाला होता का, एवढे तपासायला सांगा. नस्तीत तशी एक ओळ सापडली तर ती प्रसिद्ध करा. सापडली नाही तर ती मंजुरी जाहीर सुनावणीला घ्या आणि तारीख कळवा. त्या सुनावणीला मी स्वखर्चाने येईन.

आपला नम्र,
पाण्याच्या वादांत काम करणारा एक वकील